ॲसिडिटीची गोळी : नेमकी कोणती आणि कधी?

गेल्या महिन्यात आलेल्या बहुतेक प्रश्नांमागे एकच गैरसमज आहे. 'ॲसिडिटीचे औषध' म्हणजे कोणतेही एक औषध, असे वाचक धरून चालतात. जठरातले आम्ल निष्प्रभ करणारे अँटॅसिड आणि आम्ल तयार होणेच थांबवणारी गोळी ही दोन वेगळी औषधे आहेत, हे ध्यानात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : रात्री सावजी जेवण झाले की छातीत जळजळ सुरू होते. लगेच पॅन्टोप्रॅझोल घेतो, पण आराम पडत नाही. गोळी बदलू का? (महाल, नागपूर)

गोळी नव्हे, आधी वेळ बदला. अँटॅसिडमध्ये मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखे पदार्थ असतात. जठरात आधीच जमलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्यांचा संयोग होऊन क्षार आणि पाणी तयार होते, म्हणून काही मिनिटांतच बरे वाटते. मात्र जठर नवे आम्ल स्रवतच राहते. त्यामुळे रिकाम्या पोटी हा आराम अर्धा-एक तास टिकतो आणि जेवणानंतर घेतल्यास दोन-तीन तास.

पॅन्टोप्रॅझोल जमलेल्या आम्लाला हातही लावत नाही. त्याची गोळी जठरात विरघळू नये म्हणून तिच्यावर आवरण असते. ती लहान आतड्यात विरघळते, औषध रक्तात शोषले जाते आणि रक्तातून जठराच्या भिंतीतील आम्ल स्रवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते. या पेशींतील 'प्रोटॉन पंप' हायड्रोजन आयन बाहेर ढकलून आम्ल तयार करतात. औषध त्या पंपाला असे घट्ट चिकटते की तो पंप पुन्हा चालत नाही. पेशीला नवा घडवावा लागतो. अडचण एवढीच की जो पंप त्या वेळी चालू असतो, तोच औषधाच्या हाती लागतो. उपाशीपोटी बहुतेक पंप निष्क्रिय असतात, अन्न आले की ते कामाला लागतात. शिवाय औषध रक्तात मोजके तासच राहते, त्यामुळे ही दोन्ही वेळा जुळणे आवश्यक असते.

समजा, तुम्ही रात्री ९ वाजता जेवलात आणि पावणेदहाला गोळी घेतली. भरल्या पोटातून ती आतड्यात जाऊन औषध पेशींपर्यंत पोहोचेपर्यंत कित्येक पंप पुन्हा विसावलेले असतात, आणि जळजळ करणारे आम्ल तर केव्हाच तयार झालेले असते. तीच गोळी सव्वाआठला घेतली असती, तर पंप सुरू होण्याच्या सुमारास औषध रक्तात हजर असते. म्हणून ही गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची असते. एका जेवणाला सगळेच पंप सुरू होत नसल्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. पहिल्याच दिवशी 'गुण नाही' म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून गोळी बदलणे चुकीचे आहे. सकाळी घ्यावी की रात्रीच्या जेवणाआधी, हे डॉक्टरांना विचारा. आज उठलेल्या जळजळीसाठी मात्र अँटॅसिडच योग्य.

प्रश्न : ही गोळी कुटून घेतली तर लवकर गुण येईल का?

नाही, आवरण फुटले की जठरातले आम्लच औषध नष्ट करते.

प्रश्न : थायरॉइडच्या गोळीबरोबर अँटॅसिड चालेल का?

नाही, थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही. दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवा.

प्रश्न : दोन वर्षांपासून दुकानातून आणून रोज आम्ल थांबवणारी एक कॅप्सूल घेते. बंद केली की दुपटीने जळजळते. सवय लागली का?

हे व्यसन नाही. आम्ल दीर्घकाळ कमी राहिले की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवून जठराला आम्ल स्रवण्याचा तगादा लावत राहते. औषध अचानक थांबले की पंप परततात, पण तो तगादा काही आठवडे ओसरत नाही, म्हणून आम्ल पूर्वीपेक्षा जास्त स्रवते. यावर मात्रा हळूहळू कमी करणे आणि मधल्या काळात गरजेपुरते अँटॅसिड घेणे हा मार्ग आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वेदनाशामके चालू असतील किंवा पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल, तर ही कॅप्सूल स्वतःहून बंद करू नका.

निदानाशिवाय दोन वर्षे गेली, याची मला अधिक चिंता वाटते. दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. पाकीटही तपासा, अशा अनेक कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन हे दुसरे औषध मिसळलेले असते, ते काहींच्या हृदयाची लय बिघडवू शकते आणि रोज घेण्याचे नाही. वजन घटणे, घास अडकणे किंवा काळी शौच यांपैकी काहीही असल्यास तपासणी लांबवू नका.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे आहेत. जिना चढताना छातीत जळजळते, घाम येतो. सोडा प्यायला की बरे वाटते. कोणते अँटॅसिड द्यावे?

कोणतेही नाही. चढताना येणारा आणि थांबल्यावर ओसरणारा त्रास हृदयाचा असू शकतो, आणि सोड्याने बरे वाटले म्हणून तो पोटाचाच होता असे सिद्ध होत नाही. त्यांना आजच रुग्णालयात नेऊन ईसीजी काढून घ्या. बसल्या जागी असा त्रास झाला, तर १०८ वर फोन करण्यास क्षणभरही थांबू नका.