शब्दकोड्याच्या चौकोनात काय बसतं: वर्ण की अक्षर?

प्रश्न: महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूरहून गोंदियाला निघालेले दोन अनोळखी प्रवासी मिळून मराठी शब्दकोडं पुरं करतात, अशी लघुकथा लिहितो आहे. एका चौकोनात वर्ण भरतात की अक्षर? आणि कोडं 'भरलं' म्हणावं की 'सोडवलं'?

अक्षर. 'त्र' मध्ये त्, र् आणि अ असे तीन वर्ण आहेत, पण चौकोन एकच लागतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं त्याच चौकोनात येतं. म्हणून 'महाराष्ट्र' चार अक्षरी. तुमची पात्रंही 'दोन अक्षरी, दुसरं त्र' असंच बोलतील.

कथेला लागणारी अडचण इथेच सापडेल. समजा, आडवा शब्द आहे 'सूर्य (२)'. रवी, भानू, अर्क आणि मित्र, चारही दोन अक्षरी. त्याच्या दुसऱ्या अक्षरापासून उभा शब्द सुरू होतो: 'वैतागलेला (२)'. खिडकीजवळच्या काकांनी 'रवी' भरलं आणि खाली 'वीट'. वैतागाला वीट म्हणतातच, त्यामुळे चूक लगेच दिसत नाही. पण 'वैतागलेला' हे विशेषण आहे आणि 'वीट' हे नाम. उत्तराची जात सूत्राच्या जातीशी जुळायला हवी. समोरच्या मुलीला 'देवाची स्तुती (३)' साठी 'स्तवन' सुचतं आणि त्याचं पहिलं अक्षर नेमकं 'ट'च्या चौकोनात येतं. 'स्त'ने संपणारा, वैतागलेला: त्रस्त. मग वरच्या शब्दात 'त्र' आलं. मित्र म्हणजे सूर्य हे काकांना सूर्यनमस्कारामुळे आठवावं. त्यातलं पहिलंच नाव 'ॐ मित्राय नमः', रवी त्यानंतर येतो. दोघांपैकी एकट्याला हे सुटलं नसतं, हे मला फार आवडतं.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र जपा. उभा शब्द 'विहीर' असता तर काकांना 'रवि' लिहायचा मोह झाला असता. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार तत्सम शब्दातलाही शेवटचा इकार दीर्घ, म्हणजे 'रवी'. समासात मात्र 'रविवार'. एकाच चौकोनात वि आणि वी दोन्ही बसत नाहीत. 1962च्या आधी शाळा शिकलेल्या माणसाच्या हातून 'रवि' सहज उतरेल, म्हणून काकांचं वय ठरवताना हे ध्यानात ठेवा.

आता क्रियापद. चौकोन भरतात, कोडं सोडवतात. घाईत 'कोडं भरलं' म्हणतात, पण त्यातून डोकं चालवल्याचा अर्थ निघत नाही. शब्द 'बसतो' किंवा 'अडतो', आणि शेवटी कोडं 'सुटतं'. गोंदिया जवळ आल्यावर मुलीच्या तोंडी 'काका, सुटलं!' एवढंच पुरे.