मुरघासातलं प्रथिन: नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस

आरेतल्या तबेल्यातून मुरघासाचा, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या मक्याच्या चाऱ्याचा, नमुना आणलास, शुष्क पदार्थावर प्रथिन 8 टक्के आलं, हिरव्या मक्याइतकंच. म्हणून लगेच "काही बदल नाही" असं जर्नलमध्ये लिहू नकोस. केल्डाल पद्धत फक्त नायट्रोजन मोजते. तो प्रथिनातला की अमोनियातला, हे तिला कळत नाही.

कापणी झाली की वनस्पतीचीच विकरं प्रथिनं तोडू लागतात. चारा घट्ट दाबून हवा काढली, की लॅक्टिक आम्लाचे जिवाणू साखर वापरून सामू 4 च्या आसपास आणतात आणि ही तोडफोड मंदावते. चारा फार ओला असेल तर मात्र क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू माजतात आणि अमिनो आम्लांपासून अमोनिया तयार करतात.

म्हणून अमोनियाचा नायट्रोजन वेगळा मोज. प्रथिनाचा आकडा नायट्रोजनला 6.25 ने गुणूनच काढलेला असतो, म्हणून 8 ला 6.25 ने भागलं की एकूण नायट्रोजन 1.28 टक्के. त्यात अमोनियाचा 0.10 असेल तर वाटा सुमारे 8 टक्के, म्हणजे ठीक. 0.22 असेल तर 17 टक्के, म्हणजे बिघडलेला. तसा क्लॉस्ट्रिडियमनी बनवलेल्या ब्युटिरिक आम्लाचा उग्र वास आधीच चुगली करतो. लोकलमध्ये पिशवी उघडलीस तर अख्खा डबा सांगेल! दोन्ही मोजमापं ताज्या नमुन्यावरच कर, ओव्हनमध्ये वाळवलास तर अमोनिया उडून जातो.