संधिवातात जवळ कसं झोपावं?

प्रश्न: वय ७१. यांनी मिठी मारली की खांदा, गुडघे ठणकतात. जवळ कसं झोपावं?

दुखरा खांदा वर राहील असं कुशीवर वळा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या आणि त्यांना पाठीमागे झोपू द्या. त्यांचा हात मग खांद्यावर न पडता कमरेवर विसावतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी हेच शिकवते. मिठीची ओढ असेल तेव्हा त्यांना तळवा तुमच्या मनगटापासून कोपरापर्यंत पाच सेकंदांत एकदा, इतका सावकाश फिरवू द्या. त्वचेतले सुखद स्पर्शाचे तंतू सेकंदाला १ ते १० सेंटिमीटरच्या संथ गतीलाच सर्वांत जास्त जागे होतात. घाईचा हात नुसताच लागतो, माया पोचत नाही. मात्र रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा पटकन काळीनिळी पडते, तेव्हा दाबून चोळू नये.