अक्षता दुपारी, रजा सकाळपासून: ऑफिसच्या ग्रुपवरचा एक मेसेज

प्रश्न: सोलापुरात एका टॉवेल कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम करते. माझं लग्न रविवारी 13 डिसेंबरला आहे, रजा 10 ते 19. ऑफिसच्या ग्रुपवर बातमी, रजेच्या तारखा आणि आमंत्रण एकाच मेसेजमध्ये द्यायचंय. रजेच्या अर्जासारखं कोरडं वाटू नये. कसं लिहू?

उत्तर:

आधी अभिनंदन! मीही अक्कलकोट रोड एमआयडीसीत अकाउंट्स सांभाळतो आणि गेल्या वर्षी हाच मेसेज लिहून पस्तावलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी लिहिलं होतं, "14 ते 22 रजेवर आहे, लग्नाला सगळ्यांनी नक्की यायचं!" 22 तारखेला आम्ही दोघं तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत, उपरण्याची गाठ अजून तशीच, आणि फोन. गेटवर मालाची गाडी उभी, ई-वे बिल काढायचंय, लॉगिन माझं आणि ओटीपी माझ्या मोबाइलवर. डिस्पॅचवाल्यांना वाटलं होतं की मी 22 ला हजर होणार. माझ्या मते 22 ही रजेतच होती. चूक माझीच. "10 ते 19" याचे दोन अर्थ निघतात, म्हणून रजा तीन तारखांत सांगायची: कामाचा शेवटचा दिवस, रजा, आणि परत हजर होण्याचा दिवस, प्रत्येकीपुढे वार. तुमच्या बाबतीत बुधवार 9 ला कामावर, गुरुवार 10 ते शनिवार 19 रजा, सोमवार 21 ला हजर. मधला रविवार सोडला तर कामाचे नऊ दिवस होतात. साहेबांनी तेवढेच मंजूर केलेत ना, ते पाहून घ्या. मंजुरीच्या आधी ग्रुपवर टाकू नका, साहेबांना बातमी ग्रुपवरून कळली तर त्यांना बरं वाटत नाही.

आता तुमच्या तारखा आपल्या कामावर कुठे आदळतात ते बघा. पगार 7 पर्यंत होऊन जातो. पीएफ आणि ईएसआयची मुदत 15 ची, पण पगार झाला की ते 9 च्या आत उरकता येतं. जीएसटीआर-1 ची मुदत 11, विक्रीची बिलं जुळली असतील तर तेही आधी भरता येतं. अडतं ते 3बी. तुमचा कारखाना दर महिन्याला रिटर्न भरत असेल तर 3बी ची तारीख 20, म्हणजे रविवार, आणि तुम्ही येणार 21 ला. बरं, जाण्याआधी भरून मोकळं व्हावं म्हटलं तर खरेदीचं क्रेडिट ज्यावरून जुळवायचं ते 2बी 14 तारखेला तयार होतं, म्हणजे तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी! हे काम दुसऱ्या कुणीतरी करायलाच हवं. राहिलं तर दिवसाला 50 रुपये लेट फी आणि कर भरायचा असेल तर वर व्याज. म्हणून मेसेजमध्ये "काही अडलं तर फोन करा" असं लिहू नका, लोक खरंच करतात. 3बी कोण भरणार त्याचं नाव लिहा. त्या व्यक्तीला आधी विचारा आणि 9 च्या आत शेजारी बसून एकदा दाखवा. लॉगिनचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो तेही त्याच दिवशी तपासा. ई-वे बिलासाठी वेगळा सब-यूजर करता येतो, त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. हे मला तुळजापूरच्या रांगेत सुचलं.

आता क्रम. बहुतेक जण आमंत्रणानंतर शेवटी रजा लिहितात. पण "नक्की या" वाचलं की लोक वाचणं थांबवून अभिनंदनाचे गुच्छ टाकायला लागतात आणि रजेची ओळ चाळीस मेसेजांखाली जाते. सुरुवातच रजेने केली तर तो अर्ज होतो. म्हणून बातमी वर, रजा मध्ये, आमंत्रण शेवटी. कोरडेपणाची भीती वाटते, तो तारखांनी येत नाही. "मला रजा मंजूर झाली असून" अशा भाषेने येतो. साधारण असं लिहा:

"मंडळी, एक गोड बातमी! माझं लग्न ठरलंय, रविवार 13 डिसेंबरला, इथेच सोलापुरात. आधीच सांगते, लग्नानंतरही याच टेबलावर बसणार आहे, तेव्हा माझी खुर्ची कुणी पळवू नका.

बुधवार 9 ला मी कामावर आहे. गुरुवार 10 ते शनिवार 19 रजेवर, सोमवार 21 ला पुन्हा हजर. पगार, पीएफ आणि जीएसटीआर-1 मी जाण्याआधी करून जाते. 3बी अमुक मॅडम भरतील, त्यांना खरेदीची बिलं 9 च्या आत द्या, म्हणजे त्यांनाही लग्नात निवांत जेवता येईल.

अक्षता दुपारी 12:35 ला, होटगी रोडवरच्या मंगल कार्यालयात, लोकेशन खाली देते. घरच्यांना घेऊन या. तुम्ही आलात की मला माहेरची माणसं आल्यासारखं वाटेल."

खुर्चीची ओळ सहज टाकलेली नाही. मुलीचं लग्न ठरलं की ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "मग नोकरी सोडणार का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा तिथेच सांगून टाका. सोडणार असाल किंवा ठरलं नसेल, तर मात्र ही ओळ काढा.

वेळ लिहिताना "अक्षता" हाच शब्द लिहा. आपल्याकडे कुणी लग्न किती वाजता विचारत नाही, अक्षता किती वाजता विचारतात आणि बरोबर पाच मिनिटं आधी येतात. जागेपुढे "मंगल" हा शब्दही गाळू नका. आमच्या एका दोस्ताने "रविवारी कार्यालयात भेटू" लिहिलं, आणि नवीन लागलेल्या पोराने घाबरून विचारलं, रविवारी ड्यूटी आहे का?

"घरच्यांना घेऊन" लिहिण्याआधी केटररला सांगितलेला आकडा पाहा. ऑफिसात 25 जण असले तर तो सहज शंभराच्या घरात जातो. तेवढी तयारी नसेल तर "तुम्ही सगळे या" एवढंच लिहा, कुणी राग धरत नाही. हळदीचं मात्र ग्रुपवर टाकू नका. ज्या दोन मैत्रिणी हव्यात त्यांना वेगळं सांगा.

मेसेज नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टाका आणि टाकल्या टाकल्या 30 दिवसांसाठी पिन करा. तो 9 डिसेंबरपर्यंत वरच राहील, अभिनंदनाखाली जाणार नाही.

आणि गेटवरचे काका, चहा देणाऱ्या मावशी ग्रुपवर नसतात. त्यांना हळदकुंकू लावलेली पत्रिका हातात द्या, तीही मेसेज टाकायच्या आधी. आमच्या मावशींना माझं लग्न ग्रुप वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून कळलं होतं. त्या लग्नाला आल्या, जेवल्या, पण अजून चहा देताना ऐकवतात, "आम्हाला कोण बोलावतंय साहेब."