आईला ‘म’, मुलांना ‘मा’ आणि क्रियापदाला ‘एस’

प्रश्न: जॉर्जियन मैत्रिणीला लिहिलं, ‘देदा वाखशामि मोआम्झादा. बावश्वेब्मा खाचापुरि शेचामा.’ म्हणजे आईने जेवण बनवलं, मुलांनी खाचापुरी खाल्ली. काय चुकलं?

उत्तर: पहिल्या वाक्यात ‘देदाम’ हवं. साध्या भूतकाळात सकर्मक क्रियेच्या कर्त्याला आपल्या ‘ने’सारखा प्रत्यय लागतो: स्वरानंतर ‘म’, व्यंजनानंतर ‘मा’. वर्तमानकाळात मात्र नुसतं ‘देदा’.

दुसऱ्या वाक्यात ‘बावश्वेब्मा’ बरोबर आहे, घसरलंय क्रियापद. इथे मराठीच आड येते. ‘मुलांनी खाचापुरी खाल्ली’ म्हणताना आपलं क्रियापद खाचापुरीकडे बघतं. ती एकच, म्हणून तुम्हीही एकवचन ठेवलंत. जॉर्जियनमध्ये प्रत्यय लागला तरी इथे क्रियापद कर्त्याचंच अनेकवचन दाखवतं: ‘बावश्वेब्मा खाचापुरि शेचामेस’. ‘शेचामा’ म्हणजे एकट्याने खाल्ली.

आता ‘म’ सगळीकडे चिकटवू नका. आजी आली हे ‘बेबिआ मोविदा’. तिथे मराठीतही ‘ने’ नाही. पण ‘मूल रडलं’ म्हणताना मराठीचा आधार सुटतो. जॉर्जियनमध्ये ‘बावश्व्मा इतिरा’, म्हणजे कर्म नसूनही ‘मा’ येतो. अशी क्रियापदं कर्त्यासकट पाठ केलेली बरी.