देवीची शक्ती देवांकडून उसनी घेतलेली आहे का?

प्रश्न: महिषासुराला मारायला सगळ्या देवांनी आपापलं तेज एकत्र करून देवी निर्माण केली, शस्त्रंही त्यांनीच दिली. मग तिला आदिशक्ती का म्हणतात? तिची ताकद उसनीच झाली ना?

शंका रास्त आहे आणि गंमत म्हणजे ती सप्तशतीतच विचारली गेलीय, तीही एका असुराच्या तोंडून. त्याच्याकडे येतोच.

आधी क्रम बघा. दुर्गासप्तशती म्हणजे मार्कंडेय पुराणातलं देवीमाहात्म्य, एकूण तेरा अध्याय. महिषासुराची गोष्ट दुसऱ्या अध्यायात सुरू होते. आपण बहुतेक जण तिथूनच ऐकतो, पहिला अध्याय राहूनच जातो. त्यात राज्य गमावलेला सुरथ राजा आणि घरच्यांनी हाकललेला समाधी नावाचा वैश्य मेधा ऋषींकडे येतात. ही महामाया कोण, ती कशी उत्पन्न झाली, असं राजा विचारतो. ऋषी सांगतात की ती नित्यच आहे, सगळं जग हेच तिचं रूप. देवांचं काम करायला ती प्रकट होते, तेव्हा लोक म्हणतात ‘उत्पन्न झाली’. म्हणजे देवांच्या तेजाची कथा सुरू होण्याआधीच ती कशी वाचायची हे सांगून ठेवलंय.

लगेच पुढे मधू-कैटभांचा प्रसंग येतो. विष्णू शेषावर झोपलेला आहे, त्याच्या कानातल्या मळातून निघालेले दोन असुर ब्रह्मदेवावर धावून येतात. ब्रह्मदेव विष्णूला हाका मारत बसत नाही. तो विष्णूच्या डोळ्यांत वसलेल्या योगनिद्रेची स्तुती करतो. विष्णूला, मला आणि शंकराला शरीर तूच धारण करायला लावलंस, असं तिला म्हणतो. ती विष्णूचे डोळे, तोंड, नाक, बाहू, हृदय आणि छाती यांतून बाहेर पडते, तेव्हा कुठे विष्णू जागा होतो. इथे देवी एकही शस्त्र उचलत नाही. लढतो विष्णूच, पण ती निघाल्याशिवाय त्याला उठताही येत नाही.

आता हे डोक्यात ठेवून दुसरा अध्याय वाचा. शंकराच्या तेजातून मुख, विष्णूच्या तेजातून बाहू, यमाच्या तेजातून केस अशी भली मोठी यादी आहे. शस्त्रांचं वर्णन मात्र जरा हळू वाचा. शंकर आपला शूल काढून देत नाही, आपल्या शूलातून दुसरा शूल ओढून काढून देतो. विष्णूही आपल्या चक्रातूनच चक्र काढून देतो. देवांमध्ये विखुरलेली शक्ती एका ठिकाणी गोळा होते, तीही देवांना रितं न करता. देवीलाच सर्वोच्च मानणाऱ्या शाक्त वाचकांना इथे देणगी दिसत नाही, ज्याचं त्याला परत गेलेलं दिसतं. मलाही हाच अर्थ पटतो, कारण पहिल्या अध्यायाशी तोच जुळतो.

आणि आता तो असुर. आठव्या अध्यायात देवांच्या अंगातून त्यांच्या शक्ती निघून लढायला येतात: हंसांच्या विमानातली ब्रह्माणी, बैलावरची माहेश्वरी, मोरावरची कौमारी, गरुडावरची वैष्णवी, शिवाय वाराही, नारसिंही आणि ऐंद्री. त्या देवाचं जे रूप, जे दागिने, जे वाहन, तेच तिचं. दहाव्या अध्यायात भाऊ निशुंभ पडल्यावर असुरांचा राजा शुंभ चिडून देवीला टोमणा मारतो: गर्व कसला करतेस, दुसऱ्यांच्या बळावर तर लढतेस! तुमचाच प्रश्न, फक्त उद्धटपणे. तेव्हा देवी म्हणते, ‘एकैवाहं जगत्यत्र द्वितीया का ममापरा’. या जगात मी एकटीच आहे, माझ्याखेरीज दुसरी आहे कोण? बघ, या माझ्याच विभूती माझ्यात शिरतायत. आणि त्या सगळ्या तिच्या देहात विलीन होतात. मग ती एकटी उभी राहते आणि शुंभाला म्हणते, आता स्थिर हो.

शक्ती म्हटलं की नुसतं रौद्र रूप डोळ्यांपुढे आणू नका. पाचव्या अध्यायातली ‘या देवी सर्वभूतेषु’ ही स्तुती पाहा. तिथे बुद्धी, क्षमा आणि लज्जेबरोबर निद्रा, भूक, तहान आणि चक्क भ्रांतीही देवीचीच रूपं आहेत. पहिल्या अध्यायात मधू-कैटभांना भुरळ पाडणारीही तीच. ते त्या भरात विष्णूलाच ‘वर माग’ म्हणतात, आणि तो त्यांचं मरण मागून घेतो.

एक मर्यादा सांगतो. हे शाक्त मत झालं. शैवांमध्ये शक्ती शिवापासून वेगळी नाही, अग्नी आणि त्याची दाहकता यांच्यासारखी, त्यामुळे दोघांत आधी कोण हा वादच तिथे उरत नाही. श्रीवैष्णवांमध्ये लक्ष्मी भक्ताची बाजू नारायणापुढे मांडते, पण सर्वोच्च स्थान नारायणाचंच राहतं. कोणी ‘हिंदू धर्मात देवीच सर्वश्रेष्ठ’ किंवा ‘देवी म्हणजे फक्त देवाची पत्नी’ असं ठासून सांगितलं, तर कुठल्या संप्रदायाचं बोलताय एवढं विचारा.