वर्गातील वाढदिवसांविषयी पालकांना पाठवायची सूचना

प्रश्न : मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात वाढदिवसाला खाऊ आणि रिटर्न गिफ्ट वाटण्याची चढाओढ लागली आहे. कोणी दुखावणार नाही आणि कोणावर दबावही राहणार नाही, अशी सूचना पालकांना कशी लिहावी?

मी प्राथमिक वर्गांना बरीच वर्षे शिकवते आहे आणि ही सूचना मी एकदा चुकीची लिहिली होती, म्हणून आधी ती चूक सांगते. त्या वर्षी माझ्या वर्गात ४२ मुले होती. मी पालकांना लिहिले, की चॉकलेट शक्यतो टाळावे, त्याऐवजी एखादा पौष्टिक पदार्थ किंवा मुलांच्या उपयोगाची छोटी वस्तू दिल्यास चालेल, आणि तेही ऐच्छिक आहे. जूनमध्ये पहिल्या मुलीने प्रत्येकाला एक पेन्सिल दिली. पुढच्याने पेन्सिलीबरोबर खोडरबर आणि शार्पनर दिले, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आम्ही चित्रांच्या पाउचपर्यंत पोहोचलो होतो. दहा रुपयांचे चॉकलेट ४२ मुलांना वाटले, तर ४२० रुपये होतात. साठ रुपयांचा पाउच वाटला, तर २,५२० रुपये. म्हणजे माझ्या सूचनेने खर्च सहापट वाढवला होता, आणि तो करणाऱ्या पालकांचा काहीही दोष नव्हता, कारण दार मीच उघडे ठेवले होते.

हे माझ्या लक्षात आले ते हजेरीपटावरून. वर्षाच्या शेवटी निकालपत्रके भरताना जन्मतारखा समोर होत्या, तेव्हा सहज पडताळून पाहिले, तर तीन मुले नेमकी आपल्या वाढदिवसाच्या दिवशी गैरहजर होती. त्यांतल्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी वर्गात येताच, कोणी विचारलेले नसताना, ‘काल मला ताप होता’ असे सांगितले होते, हे मला तेव्हा आठवले. आपल्या वर्गात दबाव आहे की नाही हे पालकसभेत विचारून कळत नाही, कारण ज्यांच्यावर तो असतो ते सभेत बोलत नाहीत. गेल्या वर्षीचा हजेरीपट आणि जन्मतारखा शेजारी ठेवून पाहा.

त्यानंतर मुख्याध्यापकांशी बोलून मी सूचना नव्याने लिहिली. ती अशी आहे :

‘प्रिय पालक, सप्रेम नमस्कार. आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांचे वाढदिवस यंदा वर्गातच, सर्वांसाठी एकाच पद्धतीने साजरे केले जातील. त्या दिवशी परिपाठानंतर विद्यार्थ्याचे नाव फळ्यावर लिहिले जाईल, वर्ग त्याला शुभेच्छा देईल, मुलांनी स्वतः तयार केलेले शुभेच्छापत्र त्याला मिळेल आणि शेवटच्या तासाला त्याच्या आवडीची गोष्ट वाचली जाईल. यासाठी घरून काहीही पाठवायचे नाही. केक, चॉकलेट, मिठाई, सुका मेवा किंवा कोणताही खाऊ, तसेच पेन्सिल, पुस्तक, पाउच यांसारख्या वस्तू वर्गात वाटल्या जाणार नाहीत. शिक्षकांसाठीही कृपया काही पाठवू नये. एखादी वस्तू आलीच, तर ती कार्यालयात ठेवून शाळा सुटताना आपल्या हाती परत दिली जाईल. सुट्टीत येणारे वाढदिवस सुट्टीपूर्वीच्या आठवड्यात साजरे केले जातील. ज्यांच्या घरी वाढदिवस साजरा करण्याची पद्धत नाही किंवा यंदा तो करायचा नाही, त्यांनी वर्गशिक्षकांना तेवढे कळवावे. कारण सांगण्याची आवश्यकता नाही. घरच्या कार्यक्रमाची आमंत्रणे पालकांनी वर्गाबाहेर, परस्पर द्यावीत.’

या मजकुरात ‘शक्यतो’ आणि ‘ऐच्छिक’ हे दोन शब्द कोठेही नाहीत, हे मुद्दाम पाहावे. मुलांच्या बाबतीत ऐच्छिक असे काही उरत नाही; पहिल्या चार जणांनी आणले, की पाचव्यासाठी ते बंधनच होते. स्पष्ट मनाई कठोर वाटेल अशी भीती मलाही होती, परंतु मुलाला काय मिळणार आहे हे आधी आणि काय आणायचे नाही हे नंतर सांगितल्याने सूचना रुक्ष वाटत नाही. पुस्तकाचे नाव यादीत घातले, कारण ‘ग्रंथालयाला पुस्तक भेट द्या’ हा पर्याय मोठा सात्त्विक वाटला, तरी देणाऱ्याच्या नावासह पुस्तक वर्गात दाखवले गेले, की तीच स्पर्धा पुन्हा सुरू होते.

दुसरी गोष्ट, मनाईची कारणे सूचनेत लिहू नयेत. साखर वाईट म्हटले, की कोणीतरी गुळाची चिक्की पाठवते, आणि वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल असेल तर ती चॉकलेटपेक्षा धोक्याची ठरते. कोणाच्या घरी अंडे चालत नाही, कोणाचा श्रावणी सोमवार असतो, एखाद्या मुलाला टाइप १ मधुमेह असतो आणि खाऊ खाताना त्याला इन्सुलिनचा हिशेब ठेवावा लागतो. ही माहिती आपल्याला हवीच, पण एका मुलाचे आजारपण सगळ्या वर्गाच्या सूचनेचे कारण म्हणून पुढे येऊ नये. काही शिक्षक भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांचा हवाला देतात. जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकण्यावर त्यांत बंदी आहे. मात्र ती विक्रीविषयी आहे, पालकाने आणलेल्या पेढ्यांच्या डब्याविषयी नाही, आणि एखाद्या पालकाने हे दाखवून दिले तर आपली बाजू उगाच लंगडी पडते. शाळेचा स्वतःचा निर्णय एवढा आधार पुरेसा आहे, म्हणून खाली मुख्याध्यापकांची सही असावी.

सूचना जूनच्या पहिल्या पालकसभेत, वर्षातला पहिला वाढदिवस येण्यापूर्वी द्यावी. एखाद्याने मोठा केक आणल्यानंतर ती पाठवली, तर ती त्याच घराला उद्देशून आहे असे सर्वांना वाटते. वर्ष अर्धे सरले असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस निवडावा आणि व्हॉट्सॲपच्या गटावर चर्चा होऊ देऊ नये. शंका असलेल्या पालकांशी वेगळे बोलावे.

पहिल्या वर्षी डबा येतोच. आमच्याकडे एक आजोबा पेढे घेऊन वर्गाच्या दारापर्यंत आले, आणि नात आतून आनंदाने पाहत होती. मी बाहेर जाऊन म्हटले, ‘आजोबा, तुम्ही एवढ्या प्रेमाने आणलेत, पण यंदा वर्गात काही वाटत नाही. तुम्ही आत या आणि आज तुम्हीच मुलांना एक गोष्ट सांगा.’ त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि लहानपणी ते नदी ओलांडून शाळेत कसे जात, ते पंधरा मिनिटे सांगितले. परतवणे नेहमी मोठ्या माणसाच्या हाती व्हावे; मुलाच्या हातातून सर्वांसमोर डबा काढून घेऊ नये.

शाळेच्या रिक्षात किंवा व्हॅनमध्ये जे वाटले जाते, ते आपल्या हाती नाही, आणि सूचनेत त्याचा उल्लेख करून उपयोगही होत नाही. सुट्टीतल्या वाढदिवसांची यादी मात्र जूनमध्येच काढून ठेवावी. मे महिन्यात जन्मलेल्या मुलांना वर्गातला वाढदिवस माहीतच नसतो. एप्रिलच्या शेवटी त्यांची नावे एकत्र फळ्यावर लिहिली, तेव्हा एका मुलीने घरी नेण्यासाठी त्या फळ्याचे चित्र आपल्या वहीत उतरवून घेतले होते.